पेपरमधले आकडे खरे की रचलेले, हे कसे ओळखायचे?

प्रश्न: मी अ‍ॅनेस्थेशियात एमडी करते आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीवरच्या औषधांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू हा थिसिसचा विषय आहे. जमवलेल्या पेपरांपैकी दोन-तीन पेपरांचे आकडे फारच सुबक वाटतात आणि दोन पेपर एकाच अभ्यासाचे असावेत असा संशय येतो. मैत्रिणीच्या रिव्ह्यूतल्या एका पेपरात वेस्टर्न ब्लॉटचे फोटो सारखे दिसतात. हे बनावट आहे की साधी चूक, कसे ठरवायचे? आणि पेपर ‘रिट्रॅक्ट’ होतो म्हणजे नेमके काय होते?

उत्तर:

तुम्ही निवडलेल्या विषयातच बनावट संशोधनाचे एक फार मोठे प्रकरण घडलेले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

योशिताका फुजी हे जपानी भूलतज्ज्ञ. ग्रॅनिसेट्रॉन आणि उलटीवरची इतर औषधे यांवर त्यांचे ढीगभर पेपर होते. २००० साली पीटर क्रान्के, क्रिस्टियान अप्फेल आणि नॉर्बर्ट रोएव्हर यांनी ‘अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया’ या जर्नलला एक पत्र लिहिले. त्यात बोट ठेवले होते ते उलटीच्या आकड्यांवर नव्हे, डोकेदुखीच्या आकड्यांवर. डोकेदुखी हा या औषधांचा नोंदवला जाणारा दुष्परिणाम. वीस-तीस रुग्णांच्या गटांत तो कुठे एकाला, कुठे चौघांना, कुठे कोणालाच नाही, असा विखुरलेला दिसायला हवा. फुजींच्या पेपरांत मात्र तो एकामागून एक अभ्यासात सगळ्या गटांत तंतोतंत सारखा येत होता.

या पत्रातली युक्ती नीट लक्षात घ्या, पुढचे बरेचसे तिच्यावरच उभे आहे. आकडे रचणाऱ्याचे सगळे लक्ष मुख्य निकालाकडे असते. औषध चालले हे दाखवायचे असते, म्हणून तो आकडा विचार करून लिहिला जातो. वय, वजन, भूल किती वेळ दिली, डोकेदुखी किती जणांना झाली, हे रकाने मात्र भरायचे म्हणून भरले जातात. ‘गट सारखे हवेत’ एवढेच डोक्यात असते, आणि ते गरजेपेक्षा जास्त सारखे होऊन बसतात. म्हणून संशय आला की निकालाचे टेबल बाजूला ठेवा आणि कोणी वाचत नाही ते पहिले टेबल उघडा.

पहिले टेबल कसे तपासायचे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार गट, प्रत्येकात ३० रुग्ण. वयाची सरासरी ४६, ४६, ४७ आणि ४६. प्रत्येक गटात स्टँडर्ड डेव्हिएशन ११ वर्षे. पाहताक्षणी वाटते, छान, रँडमायझेशन उत्तम झाले आहे.

आता हिशेब करा. ११ला ३०च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ५.५ने भागले की २ येतात. ही सरासरीची स्टँडर्ड एरर. याचा अर्थ, एकाच गर्दीतून तीस-तीस माणसे चिठ्ठ्या टाकून उचलली तरी प्रत्येक गटाची सरासरी दोनेक वर्षे इकडेतिकडे होणारच. चार गटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान सरासरीत साधारण ४ वर्षांचे अंतर पडणे स्वाभाविक आहे. इथे ते १ वर्ष आहे. एखाद्या पेपरात योगायोगाने असे होऊ शकते, त्यावरून कोणाला काही म्हणता येणार नाही. पण त्याच लेखकाच्या पंधरा-वीस पेपरांत वय, वजन, उंची, भुलीचा वेळ सगळेच असे चिकटून असेल, तर रुग्ण चिठ्ठ्या टाकून गटांत विभागले गेले असतील हे पटत नाही.

इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले. फुजींच्या १६८ ट्रायल्समधले सुरुवातीचे आकडे घेऊन त्यांनी तपासले, की खऱ्या रँडमायझेशनमध्ये गटागटांत जेवढा विस्कळीतपणा असायला हवा तेवढा आहे का. तो नव्हता. २०१२ साली हे विश्लेषण ‘अ‍ॅनेस्थेशिया’ जर्नलमध्ये आले. दोन गटांमधला पी आकडा काढला तर खऱ्या ट्रायल्समध्ये तो शून्य ते एक यांच्यामध्ये सर्वत्र सारखा पसरतो. सगळे पी आकडे एकाजवळ गोळा झाले तर गट फाजील सारखे, शून्याजवळ गोळा झाले तर फाजील वेगळे.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या विसरल्या तर निर्दोष माणसावर आळ येईल. उंची आणि वजन एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे त्यांचे दोन वेगळे पुरावे धरता येत नाहीत. वयानुसार आधीच थर पाडून रँडमायझेशन केले असेल तर वय सारखे येणारच. सरासरी पूर्णांकात लिहिली असेल तर बारीक फरक छपाईतच नाहीसे होतात.

उलट टोकाला सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे स्टँडर्ड एरर लिहून तिला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणणे. वरच्याच गटात ‘४६ ± २’ असे छापले असते आणि शेजारच्या गटाची सरासरी ४९ असती, तर फरक अशक्य कोटीतला दिसला असता. पण १८ ते ६५ वयाचे रुग्ण घेतले असताना वयाचे डेव्हिएशन २ कसे असेल? त्या २ला ५.५ने गुणा, ११ येतात आणि सगळे जागेवर बसते. ही नोंदीची चूक आहे, लबाडी नाही. शंका लिहून ठेवण्याआधी हा गुणाकार करून पाहायलाच हवा.

पद्धतीने पकडलेली गोष्ट प्रामाणिक गफलतही असू शकते. २०१७ साली कार्लाइल यांनी आठ जर्नलांतल्या ५,०८७ ट्रायल्स तपासल्या. त्यांत स्पेनमधली भूमध्य आहाराची प्रसिद्ध ‘प्रेडिमेड’ ट्रायलही खटकली. लेखकांनी स्वतः शोध घेतला तेव्हा कळले, की एका केंद्रावर माणसांऐवजी अख्ख्या दवाखान्यांना एकेका गटात टाकले होते आणि काही घरांत एकाला मिळाला तोच आहार दुसऱ्यालाही दिला होता. २०१८मध्ये पेपर मागे घेऊन, नव्याने विश्लेषण करून तो पुन्हा छापला गेला. आकडे रचलेले नव्हते, रँडमायझेशन बिघडले होते.

दुसरी तपासणी कागद-पेन्सिलने होते. मळमळीचा स्कोअर ० ते १० अशा पूर्णांकांत घेतला असेल आणि गटात २५ रुग्ण असतील, तर एकूण बेरीज पूर्णांकच येणार आणि सरासरी त्या पूर्णांकाला २५ने भागून आलेली असणार. पेपरात ३.४७ लिहिले असेल तर पाहा: ८६ भागिले २५ म्हणजे ३.४४, ८७ भागिले २५ म्हणजे ३.४८. मधला ३.४७ येऊच शकत नाही. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी मांडलेली ही ‘ग्रिम’ चाचणी. तीन ओळींत करता येते:

```python
n, mean = 25, 3.47
k = round(n * mean)
print([round(x / n, 2) for x in (k - 1, k, k + 1)])
# [3.44, 3.48, 3.52]
```

छापलेली सरासरी यादीत नसेल तर आधी साधी कारणे शोधा: एखाद्या रुग्णाची नोंद गहाळ असून खरे n २४ किंवा २३ आहे का, स्कोअर अर्ध्या गुणांतही दिला होता का. दोन दशांश स्थळे असतील तर गटात १००हून कमी माणसे असतानाच ही चाचणी उपयोगी. वय, वजन यांसारख्या सलग मोजमापांना ती लावू नका.

मूळ डेटा हातात आला तर

छापलेल्या टेबलांवरून फार थोडे दिसते. कार्लाइल ‘अ‍ॅनेस्थेशिया’चे संपादक असताना फेब्रुवारी २०१७ ते मार्च २०२० या काळात आलेल्या ५२६ ट्रायल्स त्यांनी तपासल्या. १५३ ट्रायल्सची रुग्णागणिक स्प्रेडशीट त्यांच्या हाती होती आणि त्यांतल्या ६७मध्ये, म्हणजे ४४ टक्क्यांत, खोटा डेटा आढळला. ज्या ३७३ ट्रायल्सची स्प्रेडशीट नव्हती त्यांत असा डेटा फक्त ६मध्ये, म्हणजे २ टक्क्यांत सापडला. संशय आलेल्यांकडून स्प्रेडशीट मागवण्यावर भर होता, त्यामुळे ४४ टक्के हा सरसकट दर धरू नका. तरीही पेपर वाचून आणि शीट उघडून दिसणाऱ्यात किती अंतर आहे, ते यावरून कळते. म्हणून संशय असेल तर लेखकांना मूळ डेटा मागा. मागणी सभ्य असावी आणि ईमेलवर असावी, म्हणजे तारीख राहते.

शीट मिळाली की अनुक्रमांकाचा रकाना सोडून बाकीच्या एकेका रकान्यावर सॉर्ट करा. रचलेल्या शीटमध्ये वीस-तीस ओळींचा तुकडा कॉपी करून खाली चिकटवलेला असतो आणि मधले एक-दोन आकडे बदललेले असतात. अनुक्रमांकाने लावलेली शीट पाहताना तो दिसत नाही; हिमोग्लोबिन किंवा वजनावर सॉर्ट केले की जुळ्या ओळी एकमेकींशेजारी येऊन उभ्या राहतात. मग तारखा पाहा. नियोजित शस्त्रक्रिया रविवारी किती झाल्या? सहा महिन्यांत जेवढे रुग्ण घेतल्याचे लिहिले आहे, तेवढ्या त्या शस्त्रक्रिया त्या विभागात होतात का?

रक्तदाबाच्या शेवटच्या अंकाबद्दल मात्र जपून. हाताच्या बीपी यंत्राने घेतलेल्या नोंदी आपल्याकडे सर्रास १२०, १३०, ११० अशा शून्यावर संपतात. ती मोजणाऱ्याची सवय आहे, बनावट नव्हे. ऑपरेशन थिएटरमधल्या मॉनिटरने घेतलेल्या नोंदी सगळ्या शून्य-पाचवर संपत असतील तर मात्र त्या मॉनिटरवरून उतरवलेल्या नाहीत, एवढे नक्की म्हणता येते.

शीट उघडल्यावर काय घडते याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे आयव्हरमेक्टिन. इजिप्तमधल्या बेन्हा विद्यापीठातल्या अहमद एल्गाझर यांच्या गटाचा प्रीप्रिंट नोव्हेंबर २०२०मध्ये आला. कोविडचे ४०० रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातले २०० जण, आणि आयव्हरमेक्टिनने मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचा दावा. जॅक लॉरेन्स या लंडनमधल्या विद्यार्थ्याने मूळ फाइल मिळवली, निक ब्राउन यांनी ती तपासली. किमान ७९ नोंदी दुसऱ्या नोंदींच्या उघड नकला होत्या. काही रुग्ण अभ्यास सुरू होण्याच्या तारखेआधीच मरण पावलेले होते. सौम्य ते मध्यम आजाराच्या, आयव्हरमेक्टिन न दिलेल्या गटात पेपरात ४ मृत्यू होते, फाइलमध्ये एकही नाही. १४ जुलै २०२१ला प्रीप्रिंट काढून टाकला गेला. तोवर तो अनेक एकत्रित विश्लेषणांत मोजला गेला होता. अँड्र्यू हिल यांच्या गटाने शंकास्पद अभ्यास वगळून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा मृत्यू कमी होण्याचा फायदा उरला नाही.

मे २०२१मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सर्वांना ५ दिवस रोज १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन प्रतिबंधक म्हणून देण्याचे जाहीर केले, तेव्हा मृत्यू घटतात असे परदेशी तज्ज्ञ गटांना आढळल्याचा आधार दिला होता. त्या काळात फिरणाऱ्या पुराव्याचा पाया किती कच्चा होता, हे दोन महिन्यांनी कळले.

एकच अभ्यास दोनदा

दुबार प्रकाशन फसवेगिरीत मोजावे का, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. आकडे खरे असतील तर बिघडले कुठे? उत्तर पुन्हा तुमच्याच विषयात आहे. १९९७ साली मार्टिन ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’मध्ये ऑन्डान्सेट्रॉनच्या ट्रायल्सचा हिशेब मांडला. छापील पेपर मोजले तर ८४ ट्रायल्स आणि ११,९८० रुग्ण. खरे पाहता ७० ट्रायल्स आणि ८,६४५ रुग्ण. बाकीचे तेच रुग्ण वेगळ्या पेपरांत, वेगळ्या लेखकक्रमाने, मूळ पेपरचा उल्लेख न करता पुन्हा आले होते.

परिणाम पाहा. ४ मिलिग्रॅम शिरेतून देऊन एका रुग्णाची उलटी टाळण्यासाठी किती जणांना औषध द्यावे लागते? एकदाच छापलेल्या १६ अहवालांत उत्तर होते ९.५. ज्या ३ अहवालांच्या आवृत्त्या निघाल्या त्यांत ३.९. सगळे खरे १९ एकत्र केले तर ६.४, आणि दुबार धरून सगळे २५ एकत्र केले तर ४.९. म्हणजे पुन्हापुन्हा छापला गेला तो चांगला निकाल. औषध आहे त्यापेक्षा २३ टक्के अधिक गुणकारी दिसले, आणि एकही आकडा खोटा नव्हता.

तुमच्या दोन पेपरांसाठी एक तक्ता करा. केंद्र, भरतीच्या तारखा, शस्त्रक्रिया, डोस, गटातली संख्या, वयाचे सरासरी आणि डेव्हिएशन, नीतिसमितीच्या परवानगीचा क्रमांक, नोंदणी क्रमांक, मुख्य निकाल. लेखकांच्या नावांवर विसंबू नका, तीच बदललेली असतात. डेव्हिएशन दशांशापर्यंत जुळणे हा सर्वांत बोलका पुरावा. सरासरी योगायोगाने जुळेल, पण पाच रकान्यांची डेव्हिएशन्स जुळत नाहीत.

भारतातल्या ट्रायलसाठी सीटीआरआयचे पान उघडाच. १ एप्रिल २०१८पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. एकच क्रमांक दोन्ही पेपरांत असेल तर प्रश्न मिटला. क्रमांक वेगळे असतील, पण नोंदणीत ६० रुग्णांची योजना असून पेपरात १२० असतील, किंवा मुख्य निकालच बदलला असेल, तर तेही टिपून ठेवा.

सगळे दुबार लेखन गैर नसते. परिषदेतला गोषवारा आणि नंतरचा पूर्ण पेपर, दोन्ही जर्नलांच्या संमतीने केलेले भाषांतर, पाठपुराव्याचा पुढचा अहवाल, हे चालते. अट एकच: दुसऱ्यात पहिल्याचा उल्लेख स्पष्ट हवा. रिव्ह्यूमध्ये तरीही रुग्ण एकदाच मोजायचे.

ब्लॉटचे फोटो

मैत्रिणीला सांगा, पीडीएफमधला स्क्रीनशॉट वापरू नको. जर्नलच्या पानावरून मोठ्यात मोठ्या आकाराची आकृती उतरव. ती इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून `Image > Adjust > Brightness/Contrast` इथे जा आणि कॉन्ट्रास्ट एवढा वाढव, की पांढरी वाटणारी पार्श्वभूमी करडी, ठिपकेदार दिसू लागेल. जे शोधायचे ते काळ्या पट्ट्यांत कमी आणि या पार्श्वभूमीत जास्त असते. खऱ्या ब्लॉटची पार्श्वभूमी एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये सलग सरकते. तिच्यात अचानक उभी सरळ रेषा दिसली, किंवा एखाद्या पट्टीभोवती गुळगुळीत चौकोन दिसला, तर तो तुकडा दुसरीकडून आला असावा.

मग दोन पट्ट्या शेजारी ठेवून पाहायच्या. खऱ्या दोन पट्ट्या जुळ्या भावांसारख्या असतात, सारख्या पण एक नव्हेत. कडांचा बाक, एका टोकाचा फुगवटा, शेजारचा धुळीचा ठिपका यांत फरक असतोच. पट्टी आणि तिच्याजवळचे तीन ठिपके त्याच जागी त्याच आकारात पुन्हा आले, तर तो एकच फोटो आहे. आरशासारखी उलटवून, १८० अंशांत फिरवून, थोडी ताणूनही तुलना करायची. पेशीजालाच्या फोटोंमध्ये ‘उपचाराआधी’च्या चित्राचा उजवा कोपरा ‘उपचारानंतर’च्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात सापडतो, तिथे एकाच स्लाइडवर चौकट सरकवलेली असते.

एलिझाबेथ बिक, आर्टुरो कासादेवाल आणि फेरिक फँग यांनी ४० जर्नलांतले २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासून २०१६ साली निष्कर्ष मांडला: ३.८ टक्के पेपरांत शंकास्पद आकृत्या, आणि त्यांतल्या निदान निम्म्यांत हेतुपुरस्सर फेरफाराची चिन्हे. त्यांनी केलेला भेद कामाचा आहे. फोटो जसाच्या तसा दोनदा आला असेल तर फाइल चुकीची चिकटवली गेली असणे शक्य आहे. तो सरकवून किंवा फिरवून आला असेल तर तसे होणे अवघड. आणि फोटोच्या आतच एखादी पट्टी पुसली किंवा नव्याने बसवली असेल तर ‘चुकून झाले’ हे स्पष्टीकरण टिकत नाही.

मात्र कमी दर्जाच्या जेपेगमध्ये आठ-आठ पिक्सेलचे चौकोन आपोआप तयार होतात आणि नवखा माणूस त्यांनाच फेरफार समजतो. तसेच, एका जेलमधल्या दूरच्या लेन जवळ आणून मध्ये स्पष्ट रेघ दाखवली असेल आणि आकृतीखाली तसे लिहिले असेल, तर बरीच जर्नले ते चालवून घेतात. अंतिम उत्तर न कापलेल्या मूळ ब्लॉटमध्येच असते, आणि तो मागायचा अधिकार संपादकाकडे असतो.

रिट्रॅक्शनची वाट

शंका पक्की झाली की संपादकाला पत्र जाते. त्यात ‘हा पेपर बनावट आहे’ असे कधीही लिहू नका. ‘टेबल १मधली वय, वजन आणि भुलीच्या वेळेची सरासरी व डेव्हिएशन्स याच लेखकांच्या अमुक पेपरातल्या टेबल १शी तंतोतंत जुळतात, रुग्ण तेच आहेत का, हे कृपया विचारावे’ असे लिहा. कोणालाही पडताळता येईल असा मजकूर हवा, हेतूबद्दल अक्षर नको. गाइडना आधी दाखवा आणि पत्र विभागाच्या ईमेलवरून जाऊ द्या.

पुढची रीत प्रकाशनातल्या नीतिनियमांचे मार्गदर्शन करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने आखून दिली आहे आणि बहुतेक जर्नले ती मानतात. संपादक आधी लेखकांना विचारतो, मूळ डेटा आणि नीतिसमितीचे कागद मागतो. उत्तर पटले नाही तर लेखकांच्या संस्थेला लिहितो. चौकशी संस्थेने करायची असते. जर्नल कोणाच्या कपाटातल्या फाइल तपासू शकत नाही. इथेच प्रकरणे वर्षानुवर्षे अडकतात, कारण संस्थेला स्वतःच्याच माणसाची चौकशी करायची असते. तोवर संपादक ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’ लावू शकतो, म्हणजे वाचकाला सावध करणारी टीप. शेवटी पेपरचा काही भागच चुकीचा असेल तर दुरुस्ती, आणि निष्कर्षांवर भरवसा ठेवता येत नसेल तर रिट्रॅक्शन. त्यासाठी लबाडी सिद्ध व्हावी लागत नाही. प्रामाणिक पण मोठी चूक, परवानगीविना केलेला अभ्यास, दुबार छपाई, यांतले काहीही पुरते. दुबार प्रकाशनात इतर दोष नसेल तर सहसा पहिला पेपर राहतो, नंतरचा मागे घेतला जातो.

मागे घेतलेला पेपर अदृश्य होत नाही. तो संकेतस्थळावर राहतो, प्रत्येक पानावर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का येतो आणि त्याला जोडलेली वेगळी सूचना छापली जाते. पेपर कोणी मागे घेतला आणि का, हे त्या सूचनेत हवे. ती वाचा, कारण ‘लेखकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिले असेल तर त्यातून काही कळत नाही.

वेळ किती लागतो याचा अंदाज फुजींवरून घ्या. क्रान्के यांचे पत्र २०००चे. विद्यापीठाने फुजींना नोकरीवरून काढले ते फेब्रुवारी २०१२मध्ये, तेही नीतिसमितीच्या परवानग्या नसल्याबद्दल. त्यानंतर कार्लाइल यांचे विश्लेषण आले, अनेक जर्नलांच्या संपादकांनी एकत्र येऊन संबंधित संस्थांकडे चौकशी मागितली आणि जून २०१२मध्ये जपानी भूलतज्ज्ञ संघटनेने अहवाल दिला: तपासलेल्या २१२ पेपरांपैकी १७२ बनावट, ३ निर्दोष, ३७ बाबत निर्णय करता आला नाही. या मधल्या बारा वर्षांत त्यांचे नवे पेपर छापून येतच होते.

आणि रिट्रॅक्शन झाले तरी जुन्या रिव्ह्यूंमधले आकडे आपोआप बदलत नाहीत. स्टार्चच्या सलाइनवर काम करणारे जर्मनीतले भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे सुमारे ९० पेपर २०११मध्ये मागे घेतले गेले. २०१३ साली ‘जामा’त आलेल्या विश्लेषणात त्यांच्या ७ ट्रायल्स, म्हणजे ५९० रुग्ण, वगळल्यावर अतिदक्षता विभागातल्या रुग्णांमध्ये स्टार्चने मृत्यूचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो, हे स्पष्ट झाले. ते सात अभ्यास बेरजेत असेपर्यंत ही वाढ धूसर राहत होती.

तुमच्या रिव्ह्यूसाठी हे एवढे करा. पबमेडमध्ये हा शोध टाका:

```
(granisetron OR ondansetron) AND "Retracted Publication"[pt]
```

निवडलेला प्रत्येक पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या यादीतही पाहा. २०२३पासून ती क्रॉसरेफकडे असून सर्वांना खुली आहे. झोटेरो वापरत असाल तर मागे घेतलेल्या संदर्भावर ते स्वतःच लाल सूचना दाखवते. हा शोध दोनदा करायचा, एकदा पेपर निवडताना आणि एकदा थिसिस सादर करण्याच्या आठवड्यात. रिट्रॅक्ट झालेले पेपर बेरजेत धरू नका, पण वगळलेल्यांच्या यादीत कारणासह दाखवा. ज्यांच्यावर फक्त संशय आहे ते गुपचूप गाळू नका. ते धरून एकदा आणि वगळून एकदा असे दोन्ही निकाल छापा, आणि कोणत्या टेबलातला कोणता आकडा खटकला ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा. फुजींचे जे पेपर निर्णय न झालेल्या ३७मध्ये मोडतात, त्यांनाही हीच वागणूक द्या.